पंच्याहत्तर हजार म्हणजे कुठले पंच्याहत्तर हजार? मोटर क्लेमच्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

पुणे विभागात मोटर ओन डॅमेजच्या टेबलांवर बसणाऱ्या सगळ्या क्लेम हॅण्डलरना, शाखांच्या क्लेम मॅनेजरना आणि आपल्या नेमणुका घेणाऱ्या सर्व्हेअर मंडळींना,

नमस्कार.

1 ऑगस्टपासून मंजुरीच्या मर्यादा बदलत आहेत. हॅण्डलरची मर्यादा 50 हजारांवरून 75 हजार होते, शाखेच्या क्लेम मॅनेजरची दीड लाखावरून अडीच लाख आणि माझ्या टेबलाची पाच लाखांवरून साडेसात लाख. त्यावरची फाइल मुख्य कार्यालयाच्या क्लेम कमिटीकडे जाईल. एका पानाचं परिपत्रक तुम्हाला सोमवारी मिळालंच आहे. मंगळवारी दुपारपर्यंत मला अकरा फोन आले आणि त्यातल्या नऊ जणांचा प्रश्न एकच होता: "मॅडम, 75 हजार म्हणजे कुठले 75 हजार?" गॅरेजच्या एस्टिमेटचे, सर्व्हेअरच्या असेसमेंटचे की शेवटी गॅरेजच्या खात्यात जाणारे?

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि परिपत्रकात त्याचं उत्तर नाही. ही चूक माझी. मसुदा मीच तपासला होता. म्हणून हे पत्र.

आधी मर्यादा का वाढवली ते सांगते, कारण मुंबईहून दट्ट्या आला असेल असा काहींचा समज झालेला दिसतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या एका शाखेचा मॅनेजर रजेवर होता, म्हणून त्याच्या वाटणीच्या फाइली मी एक दिवस पाहिल्या. संध्याकाळी मोजल्या तर 64. आठ तासांत 64, म्हणजे एका फाइलला साडेसात मिनिटं, तीही चहा आणि फोन न धरता. त्यातल्या बहुतेक 52, 58, 61 हजारांच्या होत्या. बम्पर, हेडलॅम्प, फेंडर. 50 हजारांची मर्यादा ठरली तेव्हा हेडलॅम्प म्हणजे काच, बल्ब आणि खोबणी एवढंच होतं. आता त्यात एलईडीचं अख्खं युनिट येतं आणि बम्परमध्ये सेन्सर असतात. सिग्नलला मागून लागलेला साधा धक्काही 50 हजार ओलांडतो. त्या दिवशी मी फाइली वाचल्या नाहीत, सह्या केल्या. मॅनेजरही वर्षभर तेच करतो, हे तुम्हाला माहीत आहे आणि त्यालाही. दोन सह्या झालेली फाइल दोघांनी वाचलेली असते असं नाही. लहान फाइली तुमच्याकडेच राहिल्या तर वर जाणारी फाइल कोणीतरी खरंच वाचेल, एवढाच यामागचा हिशेब आहे.

इथेच एक गैरसमज दूर करते. आपली आतली मर्यादा 75 हजार झाली म्हणून कायद्याचा आकडा हललेला नाही. विमा कायद्याच्या कलम 64यूएम आणि 2015 च्या सर्व्हेअर विनियमांप्रमाणे मोटरचा 50 हजार किंवा त्यापुढचा क्लेम परवानाधारक सर्व्हेअरच्या रिपोर्टशिवाय मंजूर करता येत नाही. म्हणजे 62 हजारांची फाइल तुम्ही स्वतः मंजूर करू शकता, पण फोटो पाहून, घरबसल्या नाही. रिपोर्ट हवाच. हे दोन आकडे आजवर योगायोगाने एकच होते, म्हणून कोणाला वेगळे वाटले नाहीत.

आता मूळ प्रश्न. मर्यादा मोजायची ती सर्व्हेअरने ठरवलेल्या एकूण जबाबदारीवर. डेप्रिसिएशन कापल्यानंतर, पण कम्पल्सरी एक्सेस आणि सॅल्व्हेज वजा करण्याआधी. टोइंग त्यात धरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एका अपघाताच्या जेवढ्या म्हणून पुरवणी असेसमेंट येतील त्या सगळ्या मिळवून.

एक फाइल उलगडून दाखवते. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. 1497 सीसीची सेडान, तीन वर्षं पूर्ण होऊन चौथं चालू, झीरो डेप नाही. खंबाटकी घाट उतरताना पुढच्या टेम्पोवर आदळली. पहिल्या एस्टिमेटमध्ये जीएसटीसकट 93 हजार होते: बॉनेट, फेंडर वगैरे पत्र्याचे 32 हजार, बम्पर-ग्रिल वगैरे प्लास्टिकचे 22, पुढची काच 9, लेबर 14 आणि पेंटिंग 16. सर्व्हेअरने गाडीच्या वयाप्रमाणे पत्र्यावर 25 टक्के कापले, उरले 24. प्लास्टिकवर 50 टक्के, उरले 11. काचेवर डेप्रिसिएशन नसतं, ते 9 तसेच राहिले. लेबर पूर्ण. पेंटिंगच्या एकत्रित बिलातला 25 टक्के भाग मटेरियलचा धरायचा आणि त्याच्या निम्मे कापायचे, म्हणजे 16 मधून 2 गेले, उरले 14. बेरीज 72 हजार. त्यातून एक्सेसचे हजार आणि सॅल्व्हेजचे दीड हजार गेले की गॅरेजला द्यायचे 69,500.

या टप्प्यावर मोजायचा आकडा 72 हजार. तो 75 च्या आत आहे, म्हणून हॅण्डलरने मंजूर केला. बरोबर केलं.

मग गाडी उघडली. बम्पर आणि रेडिएटर सपोर्ट काढल्यावर मागे रेडिएटर, कंडेन्सर आणि उजव्या बाजूचा एप्रन दबलेला निघाला. सर्व्हेअर परत गेला, फोटो काढले, पुरवणी असेसमेंट दिली: धातूचे सुटे भाग 40 हजारांचे, 25 टक्के जाऊन 30, शिवाय लेबर 6. एकूण 36 हजार. सिस्टिममध्ये पुरवणी ही वेगळी नोंद म्हणून उघडते आणि स्क्रीनवर फक्त 36 हजार दिसतात. हॅण्डलरने त्याही मंजूर केल्या. दोन्ही वेळा तो मर्यादेच्या आतच होता आणि क्लेम मात्र 1 लाख 8 हजारांचा झाला. मॅनेजरने ती फाइल पाहिलीच नाही.

यात कोणाची लबाडी नव्हती, हे मुद्दाम लिहिते. ती पुरवणी खरी होती, भागही खरेच दबलेले होते. पण लबाडी करायची असती तर वाट हीच होती: आधी मर्यादेत बसेल एवढं दाखवायचं आणि उरलेलं पुरवणीतून आणायचं. 1 ऑगस्टपासून पुरवणीची नोंद उघडताना आधीच्या मंजुरीची रक्कम तुम्हाला स्वतः वरच्या रकान्यात भरावी लागेल. ती आपोआप यावी असं मी आयटीला सांगितलं आहे, पण त्यांच्याकडून तारीख मिळालेली नाही, तोवर हाताने भरा. पुरवणीमुळे बेरीज तुमच्या मर्यादेबाहेर जात असेल तर फक्त पुरवणी वर पाठवायची नाही, पूर्ण फाइल पाठवायची. आधी मंजूर केलेले 72 हजार त्यामुळे चुकीचे ठरत नाहीत. गॅरेजचं कामही थांबवू नका.

एक्सेस आणि सॅल्व्हेज आधी वजा का करायचे नाहीत, असंही काहींनी विचारलं. लहान क्लेममध्ये फरक हजार-दोन हजारांचाच पडतो. मोठा फरक पडतो तो टोटल लॉसमध्ये, आणि नियम खरं तर तिथल्यासाठीच आहे. समजा, एका हॅचबॅकची आयडीव्ही 3 लाख 40 हजार आहे. दुरुस्तीचं असेसमेंट 2 लाख 70 हजार आलं. आयडीव्हीच्या 75 टक्के म्हणजे 2 लाख 55 हजार. दुरुस्ती त्याच्या वर गेली, म्हणजे कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. अपघाती गाडीला भंगारवाल्याची बोली आली 1 लाख 10 हजारांची. बोली आणि एक्सेस वजा करून आपल्याला द्यायचे 2 लाख 29 हजार. हा आकडा धरला तर फाइल मॅनेजरच्या अडीच लाखांत बसते.

पण या हिशेबातला एकच आकडा असा आहे जो कोणी फोनवर ठरवतो, आणि तो म्हणजे भंगाराची बोली. आयडीव्ही पॉलिसीवर छापलेली असते. डेप्रिसिएशनचा तक्ता ठरलेला असतो. बोली मात्र आज एक लाख दहा असते, उद्या गाडी ताब्यात घ्यायच्या वेळी बोलीवाला म्हणतो की इंजिनमध्ये पाणी आहे, नव्वदच देईन. कधी कर्ज देणाऱ्या बँकेची एनओसी अडकते आणि तो पाठच फिरवतो. म्हणजे बोली जेवढी फुगलेली, तेवढी मंजुरी खालच्या टेबलावर बसणार. म्हणून टोटल लॉस आणि चोरीचा क्लेम आयडीव्हीवर मोजायचा, भंगार कितीलाही जावो. वरच्या उदाहरणातली फाइल 3 लाख 40 हजारांची आहे आणि ती माझ्याकडे येईल.

आता गॅरेजवाल्यांविषयी. हे पत्र सर्व्हेअरनाही जातं आहे म्हटल्यावर दोघा मॅनेजरनी काळजी बोलून दाखवली की नवा आकडा बाहेर फुटेल. फुटेलच. जुना कुठे गुपित होता? मागच्या वर्षभराच्या मंजुऱ्या रकमेप्रमाणे लावून पाहा. 44 ते 47 हजारांत तुरळक फाइली, मग 48 ते 50 हजारांत अचानक दाटी आणि 50 च्या पुढे परत विरळ. अपघात असे गर्दी करून होत नसतात. 49,800 ची असेसमेंट सुटी पाहिली तर तिच्यात काहीच सापडत नाही. अशा बारा एका ओळीत ठेवल्या की दिसतं. आता ती दाटी 73-74 हजारांवर सरकेल. म्हणून 70 ते 75 हजारांच्या मंजुऱ्यांमधल्या काही फाइली दर महिन्याला मी मागवून पाहणार आहे. तुमची फाइल मागवली तर तुमच्यावर संशय आहे असं समजू नका. माझा रोख बहुतेक वेळा गॅरेजवर असेल.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो, आणि परिपत्रकात त्यावर एक ओळही नव्हती. आपण मर्यादा फक्त देण्यावर मोजतो. नाकारण्यावर मोजत नाही.

जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या आठवड्यात शहरभरातून पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आल्या. त्यांच्यातली एक फाइल. पार्किंगमधल्या गाडीत सीटच्या वरपर्यंत पाणी आलं, पाणी ओसरल्यावर मालकाने चावी फिरवली, इंजिन एकदा गुरगुरलं आणि बंद पडलं. वर्कशॉपने उघडलं तर एअर फिल्टर ओला, ऑइल दुधाळ, कनेक्टिंग रॉड वाकलेला. इंजिनचे 1 लाख 46 हजार, आणि कार्पेट, सीट, स्टार्टर मोटर, वायरिंगची साफसफाई असे मिळून बाकीचे 37 हजार मान्य होण्याजोगे. पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने झालेलं नुकसान हे पुराचं थेट नुकसान नाही, तो परिणामी तोटा, म्हणून साध्या पॉलिसीत आपण तो देत नाही. हॅण्डलरने हाच नियम लावला, इंजिनची ओळ खोडली आणि 37 हजार मंजूर केले. स्क्रीनवर 37 हजारांचा क्लेम. कोणत्याच टेबलावर थांबायचं कारण नव्हतं.

त्या पॉलिसीच्या शेड्यूलच्या दुसऱ्या पानावर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन घेतलेलं होतं.

आपल्याला ते कळलं ते ग्राहकाची तक्रार आली तेव्हा, पाच आठवड्यांनी. गाडी तोवर वर्कशॉपच्या मागच्या अंगणात तशीच उघडी पडलेली, इंजिन एका ट्रेमध्ये सुटं. शेवटी पैसे दिले, माफीही मागितली. मला त्या हॅण्डलरला बोल लावायचा नाही. त्या आठवड्यात त्याच्याकडे नेहमीच्या तिप्पट फाइली होत्या. पण 1 लाख 46 हजार देण्यासाठी त्याला वरच्या टेबलाची सही लागली असती आणि तेवढेच नाकारायला कोणाचीच लागली नाही, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

म्हणून असं ठरलं आहे. डेप्रिसिएशन आणि एक्सेस सोडून, इतर कोणत्याही कारणाने एका फाइलमध्ये 25 हजारांपेक्षा जास्त रक्कम नामंजूर होत असेल, तर मंजूर रक्कम कितीही लहान असो, ती फाइल मॅनेजरकडे जाईल. आणि क्लेम पूर्णपणे नाकारायचा अधिकार हॅण्डलरला कोणत्याही रकमेत नाही. मॅनेजरलाही एकट्याला नाही. अठरा हजारांचा असला तरी मॅनेजर आणि मी अशा दोन सह्या लागतील.

काही जणांना हे अपमानास्पद वाटेल याची मला कल्पना आहे. पंचाहत्तर हजार द्यायला विश्वास आणि अठरा हजार नाकारायला नाही? पण जरा पाहा. दिलेले पैसे जास्त गेले तर तो आपला तोटा आणि तो मोजता येतो. चुकीचा नकार ग्राहकाच्या दाराशी जातो आणि तिथून विमा लोकपालाकडे, ज्यांना 50 लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो, किंवा ग्राहक आयोगाकडे. शिवाय नकाराची कारणं जुनी होत असतात. चोरीची खबर पोलिसांना लगेच दिली, पण विमा कंपनीला उशिरा कळवलं, एवढ्यावर आपण कितीतरी वर्षं क्लेम नाकारत आलो. 2020 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एफआयआर वेळेवर असेल तर फक्त कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावर खरा क्लेम नाकारता येत नाही. तरीही मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका नकारपत्राच्या मसुद्यात तेच वाक्य जसंच्या तसं होतं. टेम्प्लेटमधून आलेलं. तसंच खाजगी गाडी भाड्याने वापरल्याचं. त्यावरही 2010 मध्ये न्यायालयाने पूर्ण नकार न देता नॉन-स्टँडर्ड पद्धतीने, म्हणजे 75 टक्क्यांवर, क्लेम द्यायला लावला आहे. नॉन-स्टँडर्ड म्हणून काही टक्के कापायचे असतील तर तीही फाइल माझ्याकडेच येईल.

आता फाइल वर कशी जाईल ते. आजवर ती पायरीपायरीने चढायची: हॅण्डलर, मॅनेजर, मी, कमिटी. प्रत्येक टेबलावर दोन दिवस. सप्टेंबर 2024 च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे सर्व्हेअरला 15 दिवसांत रिपोर्ट द्यायचा आहे आणि रिपोर्ट हाती आल्यापासून 7 दिवसांत आपल्याला निर्णय. तीन टेबलं गुणिले दोन दिवस, झाले सहा. मधे शनिवार-रविवार आला की मुदत गेलीच, कारण हे सात दिवस आपण कॅलेंडरचे धरतो.

यापुढे फाइल थेट त्या टेबलावर जाईल ज्याच्या मर्यादेत ती बसते. चार लाखांची असेल तर हॅण्डलर ती सरळ मला पाठवेल आणि मॅनेजरला त्याच वेळी प्रत जाईल. मॅनेजरला हरकत असेल तर त्याने त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लिहावी. नसेल तर काहीच करू नये. "पाहिले" एवढाच शेरा लिहून फाइल फिरवायची गरज नाही. रिपोर्ट आल्याचा दिवस शून्य धरला, तर हॅण्डलरने दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस निर्णय तरी द्यावा किंवा फाइल वर तरी पाठवावी. वरच्या टेबलाला तिथून 24 तास. तेवढ्यात काही झालं नाही तर फाइल सिस्टिमनेच त्या टेबलाच्या नेमलेल्या बदलीकडे जाईल. शाखा मॅनेजरची बदली म्हणजे शेजारच्या शाखेचा मॅनेजर, माझी बदली म्हणजे नाशिकचे विभागीय प्रमुख. दोघांच्या मर्यादा सारख्या आहेत. चौथ्या दिवसापर्यंत निर्णय झाला तर पत्र जायला आणि एखादी त्रुटी निघाली तर ती निस्तरायला तीन दिवस हातात राहतात.

चोवीस तासांत उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असा अर्थ कोणीही लावू नये. फाइल फक्त दुसऱ्या टेबलावर जाते, मंजूर होत नाही.

आणि वर पाठवताना नुसतं "मंजुरीस्तव सादर" लिहू नका. ते वाचून मला एवढंच कळतं की फाइल तुमच्याकडे नकोशी झाली आहे. पहिल्या ओळीत तुम्ही काय करणार होतात ते लिहा, दुसऱ्या ओळीत ते करायला काय आड येतं ते. मागच्या आठवड्यात एका हॅण्डलरने लिहिलेली टीप मला आवडली, तिच्या परवानगीने देते: "माझं मत: 1,31,000 मंजूर करावेत. उजव्या दाराचा घाव जुना वाटतो, गंज आहे, म्हणून दार धरलेलं नाही, 19,000. सर्व्हेअर दार द्या म्हणतात. फोटो 7 आणि 12 पाहावेत." मी ते दोन फोटो पाहिले, दार धरलं नाही आणि पाच मिनिटांत फाइल परत गेली. तिच्या जागी "मंजुरीस्तव सादर" असतं तर मला सतरा फोटो पाहावे लागले असते आणि गंज कदाचित दिसलाही नसता.

मधलं टेबल पूर्णपणे टाळून फाइल पाठवायची मुभा एकाच बाबतीत आहे: त्या टेबलावरच्या माणसाचा गॅरेजशी, गाडीमालकाशी किंवा सर्व्हेअरशी संबंध असेल, किंवा तुमच्यावर कोणी अमुक करा म्हणून दबाव आणत असेल. तेव्हा मॅनेजरला प्रत न देता थेट मला पाठवा. मीच तो माणूस असेन तर मुख्य कार्यालयाच्या दक्षता विभागाला. कारण एका ओळीत पुरे, पुरावा गोळा करत बसू नका.

पासवर्डविषयी एकदाच लिहिते. मी हॅण्डलर असताना आमचे मॅनेजर भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. जाताना पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली ठेवला आणि म्हणाले, "अडलं तर टाक." अडलं. गॅरेजमध्ये गाडी तयार, ग्राहक काउंटरवर, डिलिव्हरी ऑर्डर हवी. मी माझ्या लॉगिनने फाइल केली, त्यांच्या लॉगिनने मंजूर केली. रक्कम योग्य होती, ग्राहक खूश झाला. सात महिन्यांनी ऑडिटमध्ये दिसलं की ज्या वेळी ती मंजुरी पडली, त्या वेळी मॅनेजर रजेवर होते. फाइलमध्ये खोट काहीच नव्हती, तरी दोघांनाही लेखी खुलासा द्यावा लागला, आणि त्यांची त्या वर्षीची बढती राहिली. त्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, ते जास्त लागलं. तेव्हा बदलीचं टेबल ही व्यवस्था नव्हती. आता आहे. काउंटरवर ग्राहक कितीही तापला तरी फाइल बदलीकडे जाऊ द्या, त्यांना फोन करा, मला करा. दुसऱ्याच्या लॉगिनला हात लावू नका, आणि आपलं कोणाला देऊ नका.

शेवटी चालू फाइलींचं. नवी मर्यादा अपघाताच्या तारखेवर किंवा क्लेम नोंदवल्याच्या तारखेवर ठरणार नाही, मंजुरीच्या तारखेवर ठरेल. म्हणजे जूनमधल्या अपघाताची 68 हजारांची फाइल 1 ऑगस्टला तुमच्या टेबलावर असेल तर ती तुमची. पण जी फाइल 31 जुलैपर्यंत वर गेली आहे ती परत मागवू नका. ज्याच्याकडे आहे तोच ती संपवेल. आणि ज्या फाइलींत पहिली मंजुरी जुलैमध्ये पडली आणि पुरवणी ऑगस्टमध्ये येणार, त्यांची बेरीज नव्या मर्यादेवर मोजा. अशा फाइली माझ्या यादीप्रमाणे सध्या 23 आहेत. ज्यांच्या टेबलावर त्या आहेत त्यांना शुक्रवारी यादी येईल. तुमच्याकडे यादीत नसलेली एखादी असेल तर क्लेम नंबर मला कळवा.

आपली,
विभागीय क्लेम प्रमुख, मोटर
पुणे